शंकरपाळ्यातून निघणारे दोन बाण

सी प्रोग्रामिंगच्या उत्तरपत्रिका तपासताना एक फ्लोचार्ट मला दर सत्रात भेटतो. प्रश्न असतो 1 ते 100 मधल्या सम संख्या छापण्याचा. आकृती सुबक असते, पट्टी लावून काढलेली. वर स्टार्ट, खाली स्टॉप, मधले आकार बरोबर. फक्त लूपच्या शेवटच्या चौकटीतून निघालेला बाण परत वर जाताना बोटभर जास्त वर जातो आणि `i = 2` या चौकटीच्याही वर जाऊन टेकतो. आता त्या बाणावरून चालून बघा. 2 छापला, i चा 4 झाला, बाणाबरोबर वर गेलो, आणि i पुन्हा 2. हा फ्लोचार्ट जन्मभर 2 छापत बसेल.

ज्याने तो काढलाय त्याला लूप येत नाही असं नाही. त्याच पेपरात पुढे `for` चा प्रोग्राम त्याने बिनचूक लिहिलेला असतो. विचारलं तर सांगतो, "मॅडम, हा तर मी चार वेळा काढून बघितला होता." काढला होता हे खरं. पण चारही वेळा चित्र म्हणून काढला होता, रांगोळीसारखा. त्या बाणांवरून बोट फिरवत एकदाही चालला नव्हता. जुने प्रश्न सोडवणं आणि जुनी उत्तरं उतरवून काढणं यात हाच फरक आहे, आणि या लेखात मला तेवढंच सांगायचंय.

इथे मी एमएसबीटीईच्या डिप्लोमातल्या 'प्रोग्रामिंग इन सी' या पेपरबद्दल बोलतेय. आय योजनेत त्याचा कोड 22226 होता. त्या पेपरचा साचा असा: 70 मार्क, तीन तास. पहिल्या प्रश्नात दोन-दोन मार्कांचे सातपैकी पाच, मग चार मार्कांचे, शेवटी सहा मार्कांचे. फ्लोचार्टची चिन्हं काढून नावं द्या, असा प्रश्न दोन मार्कांना येतो. 'अल्गोरिदम लिहून फ्लोचार्ट काढा' हा चार मार्कांना. 180 मिनिटं 70 मार्कांत वाटली तर मार्काला अडीच मिनिटं पडतात, म्हणजे या चार मार्कांच्या प्रश्नाला साधारण दहा मिनिटं. त्यात पायऱ्या लिहायच्या, आकृती काढायची आणि ती चालते का हेही बघायचं. घरी सराव करताना घड्याळ लावून हे तिन्ही दहा मिनिटांत बसतंय का ते बघा. पहिल्यांदा बसणार नाही. बहुतेकांचा वेळ विचारात नाही, रेघा खोडण्यात जातो.

मंडळाच्या संकेतस्थळावर समर आणि विंटर अशा दोन्ही परीक्षांचे जुने पेपर मिळतात, त्यांची मॉडेल आन्सरही मिळतात. पहिलं काम म्हणजे मॉडेल आन्सर बाजूला ठेवायची. पाच-सहा पेपर घ्या आणि त्यातले फक्त अल्गोरिदम-फ्लोचार्टचे प्रश्न एका कागदावर उतरवा, उत्तरं नकोत. प्रोग्राम लिहा म्हणून आलेले छोटे प्रश्नही त्याच यादीत घ्या. एका परीक्षेत ज्याचा प्रोग्राम मागितला त्याचाच पुढे फ्लोचार्ट मागायला काहीच अडचण नसते.

आता ही यादी प्रकरणांप्रमाणे लावू नका. प्रत्येक प्रश्नात शंकरपाळं काय काम करतंय ते बघा. (निर्णयाच्या चिन्हाला पुस्तकं समभुज चौकोन म्हणतात, आमच्या वर्गात ते पहिल्या दिवसापासून शंकरपाळंच आहे.) काही प्रश्नांत शंकरपाळं एकदाच ओलांडायचं असतं: सम की विषम, तीन संख्यांतली मोठी कोणती, लीप वर्ष आहे का. काहींत एक मोजणारा असतो आणि शंकरपाळ्याला पुन्हा पुन्हा वळसा पडतो: 1 ते 100 सम संख्या, फॅक्टोरियल, पाढा, n संख्यांची बेरीज. आणि काहींत मोजायचं काही नसतं, दिलेली संख्याच एकेक आकडा गमावत शून्यावर येते: आकड्यांची बेरीज, उलटी संख्या, पॅलिन्ड्रोम. पाच-सहा पेपरांतली यादी बहुतेक या तीन घरांत बसते. मग वीस उत्तरं पाठ करायची गरज उरत नाही. तीन सांगाडे हातात बसले पाहिजेत, आणि प्रत्येक प्रश्नात सांगाड्यातली कोणती चौकट बदलते ते दिसलं पाहिजे.

पहिल्या घरातला सगळ्यात ओळखीचा प्रश्न घेऊ: तीन संख्यांतली सर्वांत मोठी. घाईत अनेक जण पायऱ्या अशा लिहितात:

```
if a > b and a > c : print a
else if b > a and b > c : print b
else : print c
```

वाचायला छान वाटतं. 5, 9, 2 घालून बघितलं तरी 9 येतं. आता 7, 7, 3 घाला. a हा b पेक्षा मोठा नाही, म्हणून पहिली अट खोटी. b हा a पेक्षा मोठा नाही, म्हणून दुसरीही खोटी. उरला शेवटचा रस्ता, आणि उत्तर छापलं गेलं 3, म्हणजे तिघांतलं सगळ्यात लहान. गंमत म्हणजे 7, 3, 7 किंवा 3, 7, 7 घातलं तर उत्तर बरोबरच येतं. पहिल्या दोन संख्या सारख्या आणि तिसरी लहान, एवढ्या एकाच जागी हे उत्तर फसतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

फ्लोचार्टमध्ये हा प्रश्न एका शंकरपाळ्यात दोन अटी कोंबून काढायचाच नसतो. पहिल्या शंकरपाळ्यात `a > b ?` एवढंच. 'येस'च्या बाणावर दुसरं शंकरपाळं `a > c ?`, 'नो'च्या बाणावर तिसरं `b > c ?`. त्या दोघांतून मिळून चार बाण बाहेर पडतात, पण छापायच्या चौकटी तीनच, कारण `print c` कडे दोन्हीकडून बाण येतो. आता 7, 7, 3 घेऊन चाला. `a > b` नाही, म्हणून उजवीकडे. `b > c` हो, म्हणून b छापा, 7. बरोबर. इथे सारख्या संख्या आपोआप सांभाळल्या जातात, कारण a मोठा नसेल तर b निदान तेवढाच आहे हे पहिल्याच शंकरपाळ्यावर ठरून गेलेलं असतं. जुन्या पेपरातल्या या प्रश्नाचा सराव करताना तीन वेगळ्या संख्यांवर थांबू नका, जोडी करून बघा.

शंकरपाळ्याबाबत आणखी एक. त्यातून दोन बाण निघतात आणि दोन्हींवर 'येस' आणि 'नो' लिहायचं असतं. बाणांवर नावच नसलेली आकृती तपासताना मला माझ्या मनाने रस्ता ठरवावा लागतो, आणि परीक्षक विद्यार्थ्याच्या वतीने अंदाज बांधायला बसलेला नसतो. शंकरपाळ्यात `c` एवढंच किंवा `check a, b` असंही काही जण लिहितात. त्याला हो-नाही असं उत्तर देता येत नाही, मग बाण फुटणार कुठून?

आकार चुकतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. `Read n` आणि `Print n` हे समांतरभुज चौकोनात जातं, `i = i + 2` हे आयतात. घाईत सगळंच आयतात जातं. आणि चौकटीत `printf("%d", i);` असं सी मधलं वाक्य अर्धविरामासकट लिहू नका. फ्लोचार्ट कोणत्याही भाषेच्या आधीचा असतो, तिथे `Print i` पुरतं. `for` लूपसाठी षट्कोन काढलेला काही पुस्तकांत दिसेल, तो चूक नाही. पण त्यात सुरुवात, अट आणि वाढ अशा तीन गोष्टी एकाच चौकटीत दडतात, आणि नवख्याला बाण कुठे टेकतोय ते त्यात दिसत नाही. निदान सराव होईपर्यंत शंकरपाळंच बरं.

आता तिसऱ्या घरातला एक प्रश्न पुरता करू, कारण सगळ्यात जास्त मार्क तिथे गळतात. प्रश्न: दिलेली संख्या पॅलिन्ड्रोम आहे का ते तपासण्यासाठी अल्गोरिदम लिहा आणि फ्लोचार्ट काढा. पॅलिन्ड्रोम म्हणजे उलटीकडून वाचली तरी तीच राहणारी संख्या, 121 सारखी.

लिहायच्या आधी प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. इथे 'तपासा' आहे, 'उलटी करा' नाही. म्हणजे शेवटी दोन वेगळे निकाल छापायचे आहेत, आणि त्यासाठी लूप संपल्यावर आणखी एक शंकरपाळं लागणार. उलटी संख्या छापून थांबलेली उत्तरं दर वेळी येतात. मागच्या वर्षीच्या पेपरातला 'उलटी करा'चा प्रश्न पाठ असतो, आणि हात त्याच वाटेने जातो.

पायऱ्या अशा होतील:

```
Step 1: Start
Step 2: Read n
Step 3: temp = n, rev = 0
Step 4: If n = 0, go to Step 9
Step 5: r = n % 10
Step 6: rev = rev * 10 + r
Step 7: n = n / 10   (integer division)
Step 8: Go to Step 4
Step 9: If rev = temp, print "Palindrome"
        else print "Not Palindrome"
Step 10: Stop
```

आता उत्तराच्या बाजूला पेन्सिलीने एक कोष्टक पाडा. आमच्याकडे याला ड्राय रन म्हणतात. 121 घेऊन एकेक फेरी भरत जा:

```
round    r    rev    n
start    -    0      121
1        1    1      12
2        2    12     1
3        1    121    0
```

n शून्य झाला, पायरी 9 ला गेलो, rev 121 आणि temp 121. जुळलं. याला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि इथल्या तिन्ही नेहमीच्या चुका हे कोष्टक लगेच पकडतं.

पहिली चूक म्हणजे temp ठेवायचा विसरणं. मग शेवटी rev ची तुलना n शी होते, आणि कोष्टकाच्या शेवटच्या ओळीत n तर शून्य आहे. म्हणजे 121 लाही उत्तर 'नॉट पॅलिन्ड्रोम'. इथे चाचणीची संख्या निवडताना सावध राहायला हवं. कोणी 123 घेऊन ड्राय रन केला तर ही चूक दिसणारच नाही, कारण 123 चं खरं उत्तरही 'नॉट पॅलिन्ड्रोम'च आहे. चुकीचा फ्लोचार्ट बरोबर उत्तर देऊन जाईल. म्हणून 'तपासा' असं म्हणणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला एक 'हो' येणारी आणि एक 'नाही' येणारी अशा दोन संख्या घालायच्या. माझी जोडी ठरलेली आहे, 121 आणि 120. शेवटी शून्य असलेली संख्या उलटली की 21 होते, आणि ती तीन आकड्यांची राहत नाही हेही मुलांना त्यातच दिसतं.

दुसरी चूक पायऱ्यांच्या क्रमाची. 7 वी पायरी 5 वीच्या आधी गेली तर शेवटचा आकडा बघायच्या आतच तो गळून पडतो. 121 वर करून बघा. n आधी 12 होतो, r येतो 2. मग n 1, r 1. मग n 0, r 0. rev होतो 2, नंतर 21, शेवटी 210. फ्लोचार्टमध्ये ही चूक दिसायला अगदी निरुपद्रवी असते, दोन आयत वरखाली झालेले, एवढंच.

तिसरी चूक कोष्टक भरताना कळते. 121 ला 10 ने भागल्यावर कोणी 12.1 लिहितो. सी मध्ये पूर्णांकांचा भागाकार दशांश टाकून देतो, हे प्रोग्राममध्ये यंत्र सांभाळून घेतं. कागदावर ते आपल्यालाच लिहावं लागतं. म्हणून पायरी 7 पुढचा तो कंस.

फ्लोचार्टमध्ये हे सगळं उतरवताना बाण सोडून नवीन काहीच नाही. स्टार्टचा लंबगोल, `Read n` चा समांतरभुज चौकोन, मग `temp = n, rev = 0` चा आयत. त्याखाली शंकरपाळं, `n = 0 ?`. 'नो'च्या बाणावर खाली तीन आयत, r, rev, n या क्रमाने. तिसऱ्या आयतातून निघालेला बाण डावीकडून वर जाऊन शंकरपाळं आणि त्यावरचा आयत यांच्या मधल्या रेघेवर टेकतो. या मधल्या रेघेवर, आयताच्या वर नाही. सुरुवातीच्या सम संख्यांच्या उत्तरात नेमकं इथेच बिनसलं होतं. इथेही तो बाण वरच्या आयताच्या डोक्यावर टेकला तर दर फेरीला rev शून्य होईल आणि temp मध्ये कापलेला n जाऊन बसेल. 'येस'चा बाण उजवीकडे बाहेर काढून दुसऱ्या शंकरपाळ्यावर न्या, `rev = temp ?`, आणि त्याच्या दोन बाजूंना छापण्याच्या दोन चौकटी. दोन्ही बाण शेवटी एकाच स्टॉपवर येतात. दोन स्टॉप काढले म्हणून जग बुडत नाही, पण एक काढला की आकृती वाचायला सोपी जाते.

ही आकृती उभी लांबते. उत्तरपत्रिकेचं पान अर्ध्याच्या खाली गेलं असेल तर नवीन पानावर सुरू करा. आकृती पानाच्या शेवटी तुटलीच तर बाण हवेत सोडून देऊ नका; छोटं वर्तुळ काढून त्यात A लिहा आणि पुढच्या पानावर तसंच A चं वर्तुळ काढून तिथून पुढे जा. त्याला कनेक्टर म्हणतात, आणि दोन मार्कांच्या चिन्हांच्या प्रश्नात तोही येतो. बाण आधी पेन्सिलीने हलके काढा. चौकटी पेनाने काढल्या तरी चालतात, बाण मात्र चुकतातच.

एवढं झाल्यावर मॉडेल आन्सर उघडा. त्यात मार्कांची विभागणी दिलेली असते, अल्गोरिदमला किती आणि फ्लोचार्टला किती. ती आधी बघा. फ्लोचार्टच्या नादात पायऱ्या न लिहिणाऱ्याचे अर्धे मार्क तिथेच जातात. त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर परीक्षकांसाठी सूचना छापलेल्या असतात, त्याही एकदा वाचून काढा. आकृती मॉडेल आन्सरपेक्षा वेगळी असू शकते, समतुल्य आकृतीला मार्क द्यावेत, आणि प्रोग्रामिंगच्या पेपरात त्याच संकल्पनेवर आधारलेलं दुसरं उत्तरही ग्राह्य धरावं, असा त्यांचा आशय आहे. तेव्हा तुमचं उत्तर छापील उत्तरासारखं दिसत नाही म्हणून खोडू नका. त्याच्या आकृतीवरून 121 चालवा, तुमच्या आकृतीवरून 121 चालवा. दोन्ही एकाच ठिकाणी पोचली तर तुमचं उत्तर उत्तरच आहे. न पोचली तर कोणत्या ओळीत कोष्टकं वेगळी पडली ते बघा. चूक बरोबर त्या ओळीच्या चौकटीत सापडते.

मोजणीच्या लूपचा ड्राय रन करताना मुलं कंटाळतात, कारण 100 पर्यंत कोण भरत बसणार. भरायचं नाहीच. 100 च्या जागी 6 मांडा. 2, 4, 6 छापून थांबलं पाहिजे. अट `i < 6` अशी पडली असेल तर 4 वरच थांबेल, आणि मूळ प्रश्नात 100 राहून गेलं असतं हे तीन ओळींत कळेल.

मग त्याच प्रश्नातला एक शब्द बदला. 'छापा'च्या जागी 'बेरीज करा'. काय बदलतं? वरच्या आयतात `sum = 0` ची भर पडते, `Print i` चा समांतरभुज चौकोन जाऊन तिथे `sum = sum + i` चा आयत येतो, आणि छापायची चौकट लूपमधून उठून 'नो'च्या बाणावर जाते. ती लूपमध्येच राहिली तर दर फेरीला अर्धवट बेरीज छापली जाईल. आता 'उतरत्या क्रमाने' करा. फक्त तीन जागा बदलतात: `i = 100`, `i >= 2`, `i = i - 2`. बाण एकही हलत नाही. बेरजेचा फ्लोचार्ट 10 पर्यंत चालवून बघा, 30 यायला हवेत. 20 आले तर शंकरपाळ्यातल्या अटीत बरोबरचं चिन्ह राहून गेलंय. 10 आले तर `sum = 0` ची चौकट लूपमध्ये शिरलीय आणि दर फेरीला बेरीज पुसली जातेय. आणि बेरीज कधी संपतच नसेल, i दर वेळी 2 च दिसत असेल, तर डावीकडून वर गेलेला तो बाण बघा.